मोतीबिंदूच्या शिबिरात सांगितलेल्या गोष्टी

खानापूर तालुक्यातील एका वाडीत प्राथमिक शाळेच्या पडवीत नुकतेच नेत्रतपासणी शिबिर भरले होते. डॉक्टरांची गाडी येण्यास अवकाश होता. तेवढ्या वेळात एका स्वयंसेविका बाईंनी जमलेल्या म्हाताऱ्या माणसांशी जे भाषण केले, ते आमच्या कुटुंबांच्या उपयोगाचे वाटल्यावरून येथे देत आहे. या बाई अनेक वर्षे परिचारिका होत्या. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात पाल्हाळ मुळीच नव्हता.

“आजोबांनो, आजींनो,” त्या म्हणाल्या, “प्रथम एक गोष्ट मनात पक्की धरा. आज येथे कोणाच्याही डोळ्याला शस्त्र लागणार नाही. पूर्वी शाळेच्या वर्गात आणि मांडवातही शस्त्रक्रिया होत. पण तशा ठिकाणी जंतूंचा बंदोबस्त नीट होत नाही. म्हणून आता गावात फक्त तपासणी होते, आणि ज्यांना गरज असेल त्यांना रुग्णालयात नेतात. तपासणीला पैसे पडत नाहीत. पुढे निवड झाली, तर शस्त्रक्रिया, भिंग, औषध, गाडीभाडे यांपैकी काय काय फुकट आहे, हे नाव लिहून घेतानाच विचारून ठेवा.

“डोळ्यातील काळ्या बाहुलीच्या मागे एक स्वच्छ भिंग असते. वय वाढले की ते गढूळ होते; चुलीच्या धुराने काळवंडलेल्या कंदिलाच्या काचेसारखे. त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. तो डोळ्याच्या वर आलेला पापुद्रा नव्हे. म्हणून मध घालून, पाला पिळून किंवा कोणतेही थेंब टाकून तो जात नाही. उलट असल्या उपायांनी बुबुळाला जखम होते, आणि मोतीबिंदू जागच्या जागी राहतो.”

मग त्यांनी तपासणीचा क्रम सांगितला. प्रथम भिंतीवर टांगलेला तक्ता सहा मीटरवरून, म्हणजे सुमारे वीस फुटांवरून, एकेक डोळा झाकून वाचायचा. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी तीन पायांच्या खुणांचा तक्ता असतो. पाय कोणत्या दिशेला आहेत, तेवढे हाताने दाखवायचे. तक्ता मुळीच दिसत नसेल, तर बोटे मोजायला सांगतात. त्यानंतर डॉक्टर बाहुलीवर दिव्याचा झोत टाकतात. शेवटी बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतात, म्हणजे आतील पडदा पाहता येतो. हे थेंब थोडे झोंबतात. पुढे काही तास जवळचे धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही. म्हणून घरी जाताना कोणीतरी हात धरायला हवे. त्या दिवशी सायकल अगर मोटारसायकल चालवू नये.

यानंतर बाईंनी मागल्या एका शिबिराची हकीकत सांगितली. “दोन गृहस्थ एकापाठोपाठ रांगेत आले. दोघेही साठीच्या पुढचे, आणि दोघांचे गाऱ्हाणे एकच: उजव्या डोळ्याने दिसत नाही. पहिल्याला त्या डोळ्याने हाताभरावरची बोटे मोजता येत होती. डाव्या डोळ्याची नोंद ६/२४ झाली. म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर चोवीस मीटरवरून दिसते, ते ओळखायला याला सहा मीटरवर यावे लागत होते. दुसऱ्याला बोटे दिसत नव्हती, हात हललेलाही कळत नव्हता. मग डॉक्टरांनी दोघांच्या उजव्या डोळ्यापुढे दिवा धरला, आणि तो वर, खाली, डावीकडे, उजवीकडे नेऊन प्रत्येक वेळी विचारले, ‘उजेड कोठून येतो?’ पहिल्याने चारही दिशा अचूक सांगितल्या. दुसऱ्याला उजेड आहे एवढेसुद्धा धड सांगता येईना.

“काच कितीही काळवंडली, तरी दिवा कोणत्या बाजूला आहे हे घरातल्याला कळते. मोतीबिंदूही तसाच. भिंग पार गढुळले, तरी मागचा पडदा आणि डोळ्याची नस शाबूत असेल, तर उजेडाची दिशा समजते. जिथे ती समजत नाही, तिथे बिघाड बहुधा भिंगाच्या मागे असतो. दुसऱ्या गृहस्थांना काचबिंदू होता. डोळ्यातील दाब वाढून त्यांची नस वाळली होती. नवे भिंग बसवूनही त्या डोळ्याला दृष्टी आली नसती, म्हणून त्यांचे नाव यादीत घातले नाही. त्यांना वाटले, आपल्याला डावलले. परंतु त्यांचा दुसरा डोळा अजून चांगला होता. त्याचा दाब मोजून रोज घालायचे थेंब सुरू केले. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. राहिलेली मात्र राखता येते. शिबिरातून ‘शस्त्रक्रिया नको’ असे सांगून कोणाला परत पाठवले, तर त्याचे कारण विचारा. रागावून घरी बसू नका.”

पहिल्या गृहस्थांचे पुढे काय झाले, तेही त्यांनी सांगितले. रुग्णालयात त्यांचा रक्तदाब व रक्तातील साखर पाहिली, आणि डोळ्याचे माप घेऊन भिंगाचा नंबर ठरवला. ते कोणत्या गोळ्या घेतात, याचीही विचारपूस झाली. बाईंनी येथे बजावले की, रक्त पातळ करण्याची गोळी आणि पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी दिलेली गोळी यांचा उल्लेख अवश्य करावा; या दुसऱ्या गोळीने बाहुली शस्त्रक्रियेच्या वेळी आखडते. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. वेष्टन घेऊन जावे आणि डॉक्टरांना दाखवावे. शस्त्रक्रिया एकाच डोळ्याची झाली. डोळा बधिर केला होता, माणूस जागा होता. हात लागलेला कळला, दुखले नाही. अर्ध्या तासाच्या आत सर्व उरकले. डोळा बाहेर काढतात ही समजूत खोटी आहे. बाजूच्या लहान चिरेतून गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. बारीक अक्षर वाचण्यासाठी पुढे त्यांना चष्मा लागलाच.

इतक्यात एक आजी म्हणाल्या, “बाई, माझा अजून पिकला नाही म्हणतात. पिकू दे की.”

“आजी, ती जुनी पद्धत होती,” बाई म्हणाल्या. “तेव्हा पिकलेले भिंग काढणे सोपे जाई, आणि नंतर जाड काचेचा चष्मा जन्मभर लावावा लागे. आता रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की काढता येतो. फार पिकू दिला, तर भिंग कठीण होते, कधी फुगते. मग डोळ्यातील दाब चढून डोळा लाल होतो, डोके भणभणते, आणि नसही जाऊ शकते.”

शेवटी त्यांनी घरच्या माणसांकडे मोर्चा वळवला. थेंब सुमारे महिना-दीड महिना, सांगितलेल्या क्रमाने, साबणाने हात धुऊन घालावेत. सांगतील तितके दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नये, डोळा चोळू नये, चुलीपुढे बसू नये, ओझे उचलू नये. थोडे खुपणे व पाणी येणे पहिल्या दिवसांत चालायचेच. ते रोज कमी होत गेले पाहिजे. “पण दुखणे वाढू लागले, लाली वाढली, पू आला, किंवा काल दिसत होते ते आज दिसेनासे झाले, तर डोळ्यात जंतू शिरले असे समजा. बाजाराचा दिवस, सण, पाऊस, काही पाहू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. अशा वेळी एका रात्रीचा उशीरही डोळा घालवतो.”

वाचकहो, ज्या घरातून कोणी शिबिरास जाणार असेल, त्या घराने दोन गोष्टी आधीच ठरवाव्यात: महिनाभर थेंब कोण घालणार, आणि अवेळी रुग्णालयात जावे लागल्यास गाडी कोणाची. रुग्णालयाने दिलेला कागद व दूरध्वनी क्रमांक दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवावा, म्हणजे रात्री शोधाशोध पडणार नाही.