नमुना मागवताना नेमकं काय लिहावं?

चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात केकचे सिलिकॉनचे साचे बनवणारे कितीतरी कारखाने आहेत. ‘तुमचे साचे आवडले, नमुने पाठवा, पुढे मोठी ऑर्डर देऊ’ अशी पत्रं त्यांच्याकडे जगभरातून येतात. अशा पत्राला बहुधा उत्तर येत नाही. आलंच, तर शोरूमच्या कपाटातला सर्वांत देखणा साचा येतो. ग्राहकाला पुढे जो माल मिळणार असतो, त्याच्याशी या साच्याचा संबंध असेलच असं नाही.

सिलिकॉनच्या बाबतीत हा फरक कुठे पडतो, ते पाहण्यासारखं आहे. साच्यातून काढलेल्या ताज्या सिलिकॉनमध्ये काही उडून जाणारी द्रव्यं शिल्लक असतात. ती घालवण्यासाठी माल साधारण २०० अंशांच्या भट्टीत चार तास ठेवतात. त्यात वेळ जातो आणि वीजही लागते. त्यामुळे नमुना नीट भाजून पाठवायचा आणि हजारांच्या लॉटमध्ये हाच टप्पा आटोपता घ्यायचा, असा मोह कारखान्याला होऊ शकतो. दिसायला दोन्ही साचे सारखेच असतात. फरक कळतो तो ओव्हनमध्ये, वासाने आणि वजनाने.

समजा, पुण्यात बेकिंगचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराला असे साचे मागवायचे आहेत. त्याने हेतू अगदी उघडपणे लिहावा: ‘हा सहा कप्प्यांचा साचा आम्ही छोट्या बेकरींना विकणार आहोत. तो २०० अंशांवर तपासू आणि अन्नाशी संपर्कासाठी योग्य आहे का, याची प्रयोगशाळेत चाचणी करून घेऊ. म्हणून खास बनवलेला साचा नको, नेहमीच्या उत्पादनातलाच पाठवा आणि त्याचा लॉट क्रमांक कळवा.’ शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. हा ग्राहक काय तपासणार आहे, हे कारखान्याला त्यातून समजतं. तपासणीत टिकणार नाही असा माल असेल, तर काही कारखाने इथेच गप्प होतात. तेही बरंच.

संख्येमागे हिशेब असावा. पाच साचे मागितले, तर दोन ओव्हनसाठी, दोन प्रयोगशाळेसाठी आणि एक न वापरता जपून ठेवण्यासाठी. त्याच लॉटमधला सहावा कारखान्याने स्वतःकडे ठेवावा, असंही लिहावं. घरच्या तपासणीत साचा आधी तोलायचा, चार तास २०० अंशांवर ठेवायचा, थंड झाल्यावर पुन्हा तोलायचा. जर्मनीतल्या अन्नसुरक्षा संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ही घट अर्ध्या टक्क्याहून जास्त नसावी. १२० ग्रॅमच्या साच्यात ही मर्यादा ०.६ ग्रॅमवर येते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी, सोनाराकडे असतो तसा काटा लागतो. साचा पिळून पांढरी रेघ उमटते का पाहायचं, ही युक्ती बरेच जण सांगतात. रेघ उमटली तर भेसळीचा संशय घ्यावा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. ओव्हनमधली ही तपासणीही ढोबळच. प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा ती घेऊ शकत नाही.

पुढच्या ऑर्डरचे आकडे फुगवण्याचा मोह मात्र टाळायला हवा. पाचशे नग घ्यायचे असताना दहा हजारांचा भाव मागितला, तर खरी ऑर्डर देताना भाव बदलतो आणि विश्वासही जातो. त्याऐवजी ५००, १,००० आणि ३,००० नगांचे वेगवेगळे भाव मागावेत. ते शेन्झेन बंदरात जहाजावर माल चढवून देण्यापर्यंतचे, म्हणजे एफओबी, आहेत का हे स्पष्ट करून घ्यावं. नमुन्याचे आणि कुरिअरचे पैसे आपण देऊ, पण पहिल्या ऑर्डरच्या बिलातून नमुन्याची किंमत वजा करावी, ही अट बरेच कारखाने मान्य करतात. ३० टक्के आगाऊ आणि उरलेले ७० टक्के माल तपासल्यावर, रवाना होण्याआधी, ही रीतही सर्रास चालते.

पार्सलच्या बिलावर ‘नमुना, विक्रीसाठी नाही’ असं लिहायला सांगावं, पण किंमत शून्य दाखवू देऊ नये. नमुना फुकट असला तरी कस्टम्सला त्याचं वाजवी मूल्य लागतं. आयात-निर्यात कोड आणि इतर कोणती कागदपत्रं लागतील, हे कुरिअर कंपनीला पार्सल निघण्याआधीच विचारलेलं बरं.

चाचणीत उतरलेला पाचवा साचा सीलबंद पिशवीत ठेवून वर तारीख, लॉट क्रमांक आणि सही घालावी. मग ऑर्डरमध्ये लिहावं: ‘माल या सीलबंद नमुन्यासारखा हवा. २०० अंशांवर चार तास भाजलेला हवा. वजनातली घट अर्ध्या टक्क्याच्या आत हवी.’ भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्यातलं कलम १७ नमुन्यावरून होणाऱ्या विक्रीबद्दलच आहे. माल नमुन्याशी जुळला पाहिजे आणि तो ताडून पाहण्याची वाजवी संधी खरेदीदाराला मिळाली पाहिजे, असं ते सांगते. नमुना नीट पाहूनही दिसणार नाही, असा माल विक्रीयोग्य न ठेवणारा दोष त्यात नसावा, हेही त्यातच आहे. अर्धवट भाजलेलं सिलिकॉन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दुकानदाराला हा शेवटचा भाग विशेष उपयोगाचा. व्यवहाराला भारतीय कायदा लागू राहील, हे मात्र करारात लिहून घ्यावं लागतं. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात चीन आहे, भारत नाही. त्यामुळे हा मुद्दा मोघम ठेवला, तर वाद झाल्यावर आधी कायदा कोणता यावरच भांडण सुरू होतं, आणि तोवर ७० टक्के रक्कम पोचलेली असते.