शब्द तुकोबांचे, चाल कोणाची?

गेल्या वर्षी माझ्या भाचीने वारीवर बारा मिनिटांचा व्हिडिओ केला. शूटिंग तिचं स्वतःचं, निवेदन तिचंच. यूट्यूबवर टाकण्याआधी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, यातली गाणी चालतील ना? सगळी जुनीच आहेत. आणि शेवटी क्रेडिटही दिलंय." मी व्हिडिओ पाहिला. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मधलं एक दृश्य होतं, एका भजनी मंडळाने म्हटलेला अभंग होता, कुठल्याशा चॅनेलवरून उतरवलेली बासरी होती आणि एका कुत्र्याने वारकऱ्याच्या शिदोरीतली भाकरी पळवल्याच्या प्रसंगामागे एक मिस्कील धून होती. चारही ठिकाणी प्रश्न होता, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा.

आधी तो सिनेमा. ‘संत तुकाराम’ १९३६ चा. भारतीय कॉपीराइट कायद्यात चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांची मुदत प्रकाशनानंतर साठ वर्षं असते, आणि ती मोजायची पुढच्या वर्षाच्या एक जानेवारीपासून. म्हणजे १९३६ च्या चित्रपटाची मुदत १९९६ अखेर संपली. याच हिशेबाने २०२६ मध्ये १९६५ पर्यंतचे भारतीय चित्रपट आणि रेकॉर्डी मोकळ्या झालेल्या आहेत. भाची खूश झाली. पण तिने निवडलेलं दृश्य होतं ‘आधी बीज एकले’चं.

ही रचना तुकोबांची नाही. ती या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिली, आणि इतकी बेमालूम लिहिली की आजही अनेकांना ती गाथेतली वाटते. साहित्य आणि संगीत यांची मुदत प्रकाशनापासून नव्हे, तर लेखकाच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूपासून मोजतात, आणि तीही साठ वर्षं. आठवले १९७५ मध्ये गेले, म्हणजे शब्दांवरचा हक्क २०३५ अखेरपर्यंत जिवंत आहे. चित्रपट मोकळा, त्याची फीत मोकळी, पण त्या फितीत गायलेले शब्द मोकळे नाहीत. चालीचा हिशेबही असाच संगीतकाराच्या मृत्यूवरून वेगळा करावा लागतो. हा हक्क आज नेमका कोणाकडे आहे, हे शोधणं आणखी निराळं काम. चित्रपटासाठी मोबदला घेऊन लिहिलेल्या गाण्याचा पहिला मालक बहुधा निर्माता असे, आणि पुढे असे हक्क हातोहात विकले जातात.

सगळा घोळ इथेच आहे. आपण ‘गाणं’ म्हणतो ती वस्तू एक नसते. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि ते ज्या रेकॉर्डवर उमटलं ती तिसऱ्याची. तिघांच्या मुदती वेगळ्या संपतात, परवानग्या वेगळ्या मागाव्या लागतात. "गाणं जुनं आहे" हे उत्तर म्हणूनच अपुरं पडतं. जुनं काय आहे?

त्यात आणखी एक मेख. हा हिशेब भारतातला आहे. भाचीचे निम्मे प्रेक्षक न्यू जर्सीतले, तिच्या मावशीच्या महाराष्ट्र मंडळातले. अमेरिकेत जुन्या परदेशी चित्रपटांना प्रकाशनापासून ९५ वर्षांचं संरक्षण लागू होऊ शकतं. १९३६ चा चित्रपट त्या मोजणीत सापडला तर २०३१ अखेरपर्यंत अडकलेला राहतो. इथे मोकळी असलेली क्लिप तिथे बंद करण्याची मागणी कोणी केली, तर ती वेडगळ म्हणता येणार नाही.

आम्ही ते गाणं काढलं. विष्णुपंत पागनीसांच्या काही सेकंदांच्या नुसत्या हालचाली, आवाजाविना, निवेदनाखाली ठेवल्या.

अभंगाची गंमत याहून मोठी झाली. भाचीच्या मते तिथे शंकेला जागाच नव्हती. शब्द खरोखर तुकोबांचे, गाथेत पडताळलेले, साडेतीनशे वर्षांहून जुने. रेकॉर्डिंग तिने स्वतः गावच्या देवळात केलेलं. तिने लावून दाखवलं आणि दोन ओळींतच मला लता मंगेशकर आठवल्या. मंडळ गात होतं ती चाल ‘अभंग तुकयाचे’ या ध्वनिमुद्रिकेतली, श्रीनिवास खळ्यांची. खळेकाका २०११ मध्ये गेले. त्यांच्या चालीवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. मंडळातल्या आजोबांना हे सांगितलं तर ते रागावलेच. म्हणाले, "ही तर आमची पहिल्यापासूनची चाल." चाळीस-पन्नास वर्षं रोज गायली की चाल आपलीच वाटते, यात त्यांचा दोष नाही. मग त्यांनीच त्यांच्या वडिलांकडून आलेली, त्याहून साधी, काकड्याची चाल म्हटली. तीच घेतली. गाणाऱ्या सहाही जणांकडून एका कागदावर लिहून घेतलं की हे ध्वनिमुद्रण व्हिडिओत आणि सर्व ऑनलाइन माध्यमांवर वापरायला आमची हरकत नाही. गाणाऱ्याचाही सादरीकरणावर हक्क असतो, ही गोष्ट घरच्या माणसांच्या बाबतीत हमखास विसरली जाते.

बासरीची कथा लायसन्सची. ज्या चॅनेलवरून ती घेतली, तिथे शीर्षकातच ‘नो कॉपीराइट’ लिहिलं होतं. या शब्दांना कायद्यात काही वजन नाही. मूळ वादक शोधून काढला, तर त्याने आपल्या पानावर CC BY-NC-ND असं स्पष्ट लिहिलेलं. क्रिएटिव्ह कॉमन्स ही तयार परवान्यांची एक मालिका आहे, आणि तिची अक्षरं वाचता आली की बरंच काम होतं. BY म्हणजे श्रेय द्या. NC म्हणजे व्यापारी वापर नको. SA म्हणजे यातून जे कराल तेही याच अटींवर खुलं ठेवा. ND म्हणजे बदल नको.

भाची म्हणाली, "मी कुठे बदल केला? जशीच्या तशी लावलीय." तिचं चूक नव्हतं, पण या परवान्यांच्या मजकुरात एक कलम आहे जे फार कमी लोक वाचतात: संगीत हलत्या चित्राशी जुळवून लावलं की ते रूपांतर धरलं जातं. सुराला हात न लावतासुद्धा. म्हणजे ND असलेला तुकडा व्हिडिओखाली लावून तो लोकांपुढे ठेवता येत नाही. SA असलेला लावला, तर आपला अख्खा व्हिडिओ त्याच अटीवर इतरांना वापरायला खुला ठेवावा लागतो. आपण तयार असू तर हरकत नाही. NC चा प्रश्न थोडा धूसर आहे. चॅनेलवर जाहिराती चालू असतील किंवा व्हिडिओ एखाद्या दुकानाच्या पैशातून झाला असेल, तर मी NC पासून चार हात दूर राहीन.

उरतात BY आणि CC0. CC0 मध्ये कर्त्याने सगळंच सोडून दिलेलं असतं. कुत्र्याच्या प्रसंगामागची धून केव्हिन मॅक्लाउड या अमेरिकी संगीतकाराची, CC BY 4.0 ची, म्हणजे आम्हाला चालणारी. फक्त भाचीने श्रेय दिलं होतं ते असं: ‘संगीत: इंटरनेट’. नीट श्रेयात नाव, कर्ता, कुठून घेतलं आणि कोणता परवाना, एवढं हवं. वर्णनात शेवटी हे टाकलं:

```
"Sneaky Snitch" Kevin MacLeod (incompetech.com)
Licensed under Creative Commons: By Attribution 4.0
http://creativecommons.org/licenses/by/4.0/
```

श्रेय देण्याने परवानगी मिळते ती केवळ अशा परवान्यात. इतर गाण्यांखाली ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ लिहिणं म्हणजे शेजाऱ्याची सायकल नेताना तिच्यावर त्याच्या नावाची चिठ्ठी लावण्यासारखं. दहा सेकंद चालतात, तीस चालतात, हेही ऐकीव. आपल्या कायद्याच्या ५२ व्या कलमात परीक्षण, टीका, चालू घडामोडींचं वृत्त अशा उद्देशांसाठी रास्त वापराला जागा आहे, पण तिथे सेकंद मोजलेले नाहीत. गाण्यावरच बोलण्यासाठी त्याचा तुकडा ऐकवणं वेगळं आणि आपल्या दृश्याला रंगत यावी म्हणून तो लावणं वेगळं.

बासरीच्या जागी आम्ही यूट्यूब स्टुडिओतल्या Audio Library मधली दुसरी बासरी घेतली. तिथे प्रत्येक तुकड्यासमोर लायसन्सचा रकाना असतो: काही श्रेयाशिवाय चालतात, काहींसमोर CC ची खूण असते आणि तिथे श्रेय द्यावंच लागतं. त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवला. फुकट संगीताच्या पानांवर तुकडे येतात-जातात, अटी बदलतात; दोन वर्षांनी कोणी विचारलं तर दाखवायला तोच कागद.

भाचीला हाच व्हिडिओ तुकडे करून इन्स्टाग्रामवरही टाकायचा होता, आणि तिथून एखादं गाजलेलं गाणं लावायचं होतं. तिथे ते लावता येतं, कारण त्या कंपनीने गाण्यांच्या मालकांशी करार केलेले असतात, मुख्यतः वैयक्तिक वापरापुरते. तीच रील गाण्यासकट उतरवून यूट्यूबवर टाकली की करार मागेच राहतो. गणेशोत्सवात स्पीकरवर गाणी लावायला मंडळाने घेतलेल्या परवान्याचंही तसंच: तो मांडवात वाजवण्यापुरता, चित्राला गाणं जोडण्याचा नव्हे.

सगळं झाल्यावर व्हिडिओ Private ठेवून अपलोड केला, Checks पूर्ण होईपर्यंत थांबलो. या तपासणीत यूट्यूब आपला आवाज नि चित्र मालकांनी नोंदवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतं. काही सापडलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. ज्याने नमुना नोंदवलाच नाही, त्याचं काही तिथे दिसत नाही. सापडलं तर बहुधा दावा येतो, आणि दावा म्हणजे स्ट्राइक नव्हे. दाव्यात मालक जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवू शकतो किंवा व्हिडिओ अडवू शकतो. स्ट्राइक येतो तो मालकाने कायदेशीर मागणी करून व्हिडिओ काढायला लावला तर. नव्वद दिवसांत असे तीन जमले की चॅनेलच बंद होऊ शकतं. दावा चुकीचा वाटला तर त्याला आव्हान देता येतं, आणि उत्तर द्यायला दावेदाराला तीस दिवस मिळतात. पण हातात तारखा आणि कागद असतील तरच आव्हान द्यावं.

आम्हाला एक दावा आलाच. ज्या चारांवर आम्ही आठवडाभर खपलो होतो त्यांच्यापैकी कशावर नव्हे, तर सातव्या मिनिटाला एका चहाच्या टपरीवर भाची वारकऱ्याशी बोलते, तिथे मागे रेडिओवर वाजणाऱ्या हिंदी गाण्याच्या अकरा सेकंदांवर. कायदा रस्त्यावरचा पुतळा किंवा पार्श्वभूमीला दिसणारं चित्र व्हिडिओत येऊ देतो. मागे वाजणाऱ्या गाण्याला तशी सवलत दिलेली नाही. स्टुडिओत गाणं पुसण्याची सोय आहे, ती वापरून पाहिली, तर गाण्याबरोबर वारकऱ्याचा आवाजही पातळ झाला, पाण्याखालून बोलल्यासारखा. शेवटी तिने ती अकरा सेकंदं कापली, त्या माणसाला फोन लावला आणि तेच वाक्य पुन्हा बोलायला सांगितलं. त्याने बोलून दिलं, आणि मग विचारलं, "ताई, रेडिओ बंद आहे आता, चहा कधी प्यायला येताय?"