नाव बुडवले की बुडवली?

‘त्याने नाव बुडवले’ आणि ‘त्याने नाव बुडवली’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात घराण्याची अब्रू गेली, दुसऱ्यात होडी गेली. मराठी माणूस दोन्ही ऐकताना क्षणभरही अडखळत नाही. खरे तर ‘नाव’ एवढे कानावर पडते तेव्हा अर्थ ठरलेलाच नसतो. तो ठरतो क्रियापदाच्या शेवटी, ‘ले’ की ‘ली’ यावर.

हे दोन शब्द एकमेकांचे कुणी लागत नाहीत. ओळखीचे नाव संस्कृत ‘नामन्’पासून आले आणि पाण्यावरची नाव ‘नौ’पासून. शतकानुशतके झिजता झिजता दोघांचा उच्चार एक झाला, इतकेच. एके काळी लिहिताना तरी त्यांच्यात फरक होता. जुन्या छापील पुस्तकांत ओळखीचे नाव ‘नांव’ असे दिसते. त्या डोक्यावरच्या टिंबात ‘नामन्’मधल्या ‘म’ची आठवण उरली होती. ‘जातें’ म्हणजे दळायचे आणि ‘जाते’ म्हणजे ती निघाली, हाही भेद टिंबावरच होता. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनविषयक नियमांना 1962 मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि उच्चारात न उरलेले हे अनुस्वार गेले. यातून मोठा गोंधळ माजायला हवा होता, पण माजला नाही. बोलताना ते टिंब तसेही कुणाला ऐकू येत नव्हते. अर्थाची राखण लिंग करत होते आणि ते शाबूत राहिले.

‘नाव’ होडीच्या अर्थी स्त्रीलिंगी, ओळखीच्या अर्थी नपुंसकलिंगी. मराठीत लिंग एकट्या नामापाशी थांबत नाही, ते शेजारच्या शब्दांवर उमटते: मोठे नाव, मोठी नाव, तुझे नाव, तुझी नाव. सगळ्यांत ठळक उमटते ते भूतकाळात. कर्त्याला ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते, म्हणून ‘बुडवले’ आणि ‘बुडवली’ असा निवाडा होतो. मात्र तेच वाक्य वर्तमानकाळात आणा: ‘तो नाव बुडवतो.’ आता क्रियापद पुन्हा कर्त्याकडे गेले आणि पुरावा नाहीसा झाला. ‘सुंदर नाव’ म्हटले तरी तेच, कारण ‘सुंदर’, ‘लाल’, ‘गोड’ ही विशेषणे लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. श्लेष साधणारे कवी आणि नाटककार नेमक्या अशाच जागा हेरतात. ज्या वाक्यात लिंग दिसते तिथे दुहेरी अर्थ टिकतच नाही.

लिंग दिसण्याची दुसरी जागा म्हणजे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्द घेतो ते रूप. शाळेत हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण अर्थ वेगळे करण्याचे निम्मे काम तोच करतो. धडा या अर्थी ‘पाठ’ पुल्लिंगी, म्हणून ‘पाठाला’. शरीराची पाठ स्त्रीलिंगी, म्हणून ‘पाठीला’. हाताचे बोट नपुंसक, म्हणून अंगठी ‘बोटात’. इंग्रजीतून आलेली बोट स्त्रीलिंगी ठरली, म्हणून प्रवासी ‘बोटीत’. वैद्य ‘वाताचा’ विकार सांगतात, समईतल्या ‘वातीचा’ नव्हे. गणपती ‘मानाचा’ असतो आणि मणका ‘मानेचा’. परका शब्द भाषेत आला की त्याला लिंग मिळते आणि जुन्या शब्दाशी होणारी टक्कर बरीचशी तिथेच मिटते. ही सोय मला फार हुशारीची वाटते.

पण हेच सामान्यरूप कधी उलटतेही. ‘माळ’ घ्या. गावाबाहेरचा ओसाड माळ पुल्लिंगी आणि फुलांची माळ स्त्रीलिंगी, म्हणून गुरे ‘माळावर’ चरतात आणि फुलपाखरू ‘माळेवर’ बसते. इथवर ठीक. आता घरातला पोटमाळा किंवा नुसता ‘माळा’, आणि बागेतला ‘माळी’. मूळ रूपात या दोघांत कुणाचाही घोटाळा होणार नाही. प्रत्यय लावला की मात्र दोघेही ‘माळ्या’ होतात. ‘माळ्याला रंग दिला’ आणि ‘माळ्याला पगार दिला’ यांत लिंग काहीच मदत करत नाही, कारण दोन्ही शब्द पुल्लिंगी आहेत. इथे रंग आणि पगार हे शब्द निकाल देतात. ‘आजोबा माळ्यावर चढले’ म्हणजे शिडी लावून, आणि ‘माळ्यावर चिडले’ म्हणजे माणसावर. आणि ‘आजोबा माळ्यावर ओरडले’? या वाक्यात दोन्ही अर्थ नीट बसतात. आता पुढचे वाक्य वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. ते ‘कुंड्या दोन दिवस कोरड्या होत्या’ असे असेल तर माळी, ‘पण खाली कुणाला ऐकूच गेले नाही’ असे असेल तर पोटमाळा. पुढचे वाक्य आले की आधीचे आपण मनातल्या मनात नव्याने वाचतो.

काही शब्दांत लिंगही एक आणि सामान्यरूपही एक असते. तिथे सारा भार क्रियापदावर येतो. पोटात येते ती कळ, दाबायची तीही कळ, भांडण लावणारा लावतो तीही कळच, तिन्ही स्त्रीलिंगी. ‘कळ आली’, ‘कळ दाबली’, ‘कळ लावली’ इथवर क्रियापद सोबत करते. पण ‘कळ काढ’ म्हटले की तेही दगा देते. ‘जरा कळ काढ, डॉक्टर येतीलच’ यात सोसण्याची विनंती आहे. ‘उगाच तिची कळ काढू नकोस’ यात खोडी. इथे आधार घ्यायचा तो ‘जरा’, ‘थोडी’ यांचा किंवा ‘तिची’, ‘त्याची’ यांचा. सोसायची कळ थोडी किंवा जास्त असते, खोडीची कळ मात्र कुणाची तरी असते.

क्रियापदेही एकसारखी दिसतात, आणि ‘वाटणे’ हे त्यातले सर्वांत खोडकर. ‘आईला वाटले’ म्हणजे तिच्या मनात आले. तिथे ‘ने’ कधीच येत नाही. ‘आईने’ म्हटले की मनातले वाटणे बाद झाले, उरले हातांनी करायचे काम. पण कोणते? ‘आईने खोबरे वाटले’ हे वाक्य स्वयंपाकघरात पाट्यावरचे आहे, आणि आरतीनंतर देवळात प्रसादाचे. ‘बारीक’ हा शब्द आला तर वाटण झाले, ‘सगळ्यांना’ आला तर वाटप. आणि ‘आईला खोबरे खवट वाटले’ म्हटले तर मग पाटाही नाही आणि प्रसादही नाही.

थोडे शब्द असेही आहेत, जे कागदावर एक आणि जिभेवर दोन. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. या दोन ‘ज’चे उच्चार वेगळे. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, तिथेही तसेच. हे ऐकणाऱ्याला सोपे जातात आणि वाचणाऱ्याला अवघड. मोठ्याने वाचताना पहिल्याच खेपेला बरोबर ‘ज’ उच्चारायचा तर नजर दोन-तीन शब्द पुढे ठेवावी लागते.

तुमच्या हातातला हा ‘अंक’ मात्र या यादीत बसत नाही. दिवाळीचा अंक, नाटकाचा अंक, पाटीवरचा अंक आणि आईचा अंक म्हणजे मांडी, हे चारही एकाच संस्कृत शब्दातून फुटले. तिथे एका शब्दाला अनेक अर्थ आहेत. ‘नाव’मध्ये शब्दच दोन आहेत. शब्दकोशात शब्दाशेजारी ‘पु.’, ‘स्त्री.’, ‘न.’ अशी बारीक अक्षरे छापलेली असतात. अर्थ वाचण्याआधी तीच वाचा, मग कोणती नाव बुडाली ते लगेच कळेल.