मुंजीची तारीख, अजिन आणि अष्टवर्ग

सातपाटीसारख्या मासेमारीच्या गावात मुंज काही घराघरात होत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे ठरते त्यांच्या कानावर ऐकीव नियमच जास्त पडतात. माझ्या भाच्याच्या मुंजीच्या वेळी ताईंना पहिला धसका बसला तो वयाचा. ‘आठवं सरलं तर मुंज राहिलीच म्हणायची,’ असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. खरं तर आठवं वर्ष, मग ते गर्भापासून मोजा की जन्मापासून, ही सुरुवात आहे. गृह्यसूत्रांत ब्राह्मणांसाठी आठवं, क्षत्रियांसाठी अकरावं आणि वैश्यांसाठी बारावं वर्ष सांगितलं आहे, आणि शेवटची मर्यादा अनुक्रमे सोळा, बावीस आणि चोवीस वर्षांची आहे. वर्ष उलटेल म्हणून घाईघाईत तारीख पकडायची काहीच गरज नसते.

तारखेबद्दलचा दुसरा समज असा, की मे महिन्यात कधीही मुहूर्त मिळतो. मुंजीचे महिने माघ ते ज्येष्ठ, आणि त्यातही गुरू किंवा शुक्र अस्तंगत असताना मुंज करत नाहीत. अधिक महिनाही वर्ज्य. 2026 चंच बघा. 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे मेचा दुसरा पंधरवडा हातातून गेलेला. निज ज्येष्ठ 16 जूनला लागतो. 1 जूनपासून मासेमारी बंदी असते, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, म्हणून होडीवाल्या घराला हा काळ सोयीचा वाटतो. पण तोवर पाऊस सुरू झालेला असतो आणि मांडव उपयोगाचा नसतो, बंद हॉलच लागतो. शिवाय मुलगा घरातला थोरला असेल तर ज्येष्ठात त्याची मुंज अनेक गुरुजी टाळतात.

भाचा थोरलाच. म्हणून आम्ही वैशाखातला मुहूर्त धरला. परीक्षा संपलेली असते, पण मासेमारी चालू असते, आणि इथेच घोटाळा होतो. सातपाटीची खाडी भरतीवर चालते. होडी वेळेवर परतली तरी पाणी चढेपर्यंत तिला बाहेर थांबावं लागतं. मुलाला मांडीवर घेऊन गायत्रीचा उपदेश वडिलांनी करायचा, आणि तेच खाडीच्या तोंडाशी अडकले तर मुहूर्त टळतो. भाऊजींना आम्ही दोन दिवस आधीच घरी थांबायला सांगितलं. पत्रिकेवरची वेळ उपदेशाची असते, विधी त्याच्या काही तास आधी सुरू होतात, हेही पाहुण्यांना सांगून ठेवावं. पुण्याहवाचन आणि ग्रहमख आदल्या दिवशी उरकले तर सकाळ मोकळी राहते.

कपड्यांत सगळ्यात मोठा गैरसमज अजिनाचा. ‘हरणाचं कातडं हवंच’ म्हणून कुणी बाजारात तुकडा शोधायला निघतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्याखाली हरणाच्या कातड्याचा व्यापार गुन्हा आहे, मग तो जानव्यात ओवण्याएवढा तुकडा का असेना. आमच्या गुरुजींनी तो वगळून दर्भ आणि वस्त्रावर काम भागवलं. बटूला खरं लागतं ते थोडंच: लंगोटी, कमरेला मुंज गवताची तिपेडी मेखला, हातात पळसाचा दंड, जानवं आणि उपरणं. जरीचा सदरा हवा तर संध्याकाळी भिक्षावळीला घाला. विधीच्या मधोमध तो बदलण्याची धावपळ मात्र करू नका, उघड्या अंगानेच विधी होतो. केस घेरा ठेवून काढायचे आहेत, हे मुलाला आठ दिवस आधी सांगा. भाच्याला आम्ही सांगितलं नव्हतं. न्हाव्यासमोर तो डोक्यावर दोन्ही हात धरून बसला आणि मातृभोजनाला, आईच्या ताटातला घास घेतानाही, त्याचे गाल ओलेच होते.

खर्च धार्मिक साहित्यात जात नाही, पंगतीत जातो. ताटाचा दर 300 रुपये धरला तर अडीचशे माणसांचे 75,000 झाले. शंभर माणसं कमी केली तर 30,000 वाचतात, आणि विधीत काहीच उणं राहत नाही. सामूहिक मुंजीत हॉल आणि गुरुजी यांचा खर्च वाटला जातो. तिथे नाव देताना प्रत्येक बटूमागे किती पाहुण्यांचं जेवण धरलं आहे आणि त्यावर माणूस आला तर किती लागतात, एवढं मात्र विचारून घ्या.

मातृभोजनाला मुंज झालेल्या आठ मुलांची अष्टवर्गाची पंगत हवी, ही अपेक्षाही लोकांना भारी वाटते. सातपाटीत एवढी मुलं जमवणं कठीण. आम्हाला पाच मिळाली, त्यातली दोन पालघरहून आली. गुरुजींना हे आधीच सांगितलं, त्यांनी पाचांवर काम चालवलं आणि उरलेल्या तीन पानांचं वाढप मंदिरात पाठवलं.