कडू दुधी: विषबाधा कशामुळे होते आणि चिरण्यापूर्वी चव कशी पाहावी

दुधी भोपळ्याची चव सांगायची तर ती जवळजवळ नसतेच. कच्च्या दुधीची चकती चावली तर काकडीसारखा पाणचट, किंचित गोडसर स्वाद येतो. चणाडाळीत, कोफ्त्यात किंवा हलव्यात तो सहज मिसळतो तो याच फिकेपणामुळे. म्हणून दुधी कडू लागला की तो जातिवंत स्वाद नसून त्या फळात काहीतरी बिघडले असल्याची खूण समजावी. कारल्याचा कडवटपणा आपण आवडीने खातो, पण दुधीचा कडवटपणा त्या जातीचा नाही.

हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या संयुगांमुळे येतो. काकडी, दोडका, भोपळा, कलिंगड अशा सगळ्या वेलवर्गीय कुळात ही संयुगे तयार करण्याची क्षमता असते. किडी आणि चरणारी जनावरे यांच्यापासून वेलीचा बचाव करणे हे त्यांचे काम. रानटी पूर्वजांमध्ये ती भरपूर असतात, म्हणून ती फळे खाण्याजोगी नसतात. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कमी कडू वेलींचे बी राखले, तेव्हा कुठे भाजीचा दुधी घडला. पण कडूपणाची जनुके नाहीशी झालेली नाहीत, ती दबून राहिली आहेत.

ती वर येण्याची वाट दोन तऱ्हांची असते. पहिली बियाण्याची. रानटी किंवा कडू जातीच्या वेलीचे पराग शेजारच्या गोड दुधीच्या फुलावर पडले तर त्या हंगामातले फळ बिघडत नाही, कारण गर हा मूळ वेलीचाच भाग असतो. पण त्या फळाचे बी राखून पुढच्या वर्षी लावले की त्या वेलीला कडू दुधी लागू शकतात, आणि कडूपणा सहसा गोडपणावर मात करतो. परसात घरचे बी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. दुसरी वाट वेलीवरच्या ताणाची: पाण्याचा तुटवडा, तीव्र उष्णता, निकस जमीन. त्यामुळे चांगल्या वाणाच्या वेलीवरही एखादे फळ कडू निघू शकते.

बाजारात दुधी निवडताना नख टोचून पाहण्याची पद्धत आहे. तिने फळ कोवळे आहे की जून, एवढेच कळते. कडूपणा सालीच्या रंगावरून, आकारावरून, वजनावरून किंवा ताजेपणावरून ओळखता येत नाही. तजेलदार, हिरवागार, लवदार दुधीही कडू असू शकतो.

पोटात गेल्यावर कुकुरबिटासिन जठर आणि आतड्यांच्या आतल्या अस्तराला चाळवते व इजा करते. काही मिनिटांपासून एक-दोन तासांच्या आत मळमळ, पोटात तीव्र दुखणे, उलट्या आणि जुलाब सुरू होतात. बाधा जास्त असेल तर अस्तराला व्रण पडून रक्तस्राव होतो, आणि उलटीतून रक्त पडते. दुर्बिणीने तपासलेल्या रुग्णांत अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात सूज व जखमा दिसल्या आहेत. शरीरातले पाणी जाते, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि रक्तदाब एकदम खाली येतो. जिवावर बेतते ते मुख्यतः याच टप्प्यात.

भारतात अशा बहुतेक गंभीर घटना भाजीमुळे नव्हे, तर रसामुळे घडल्या आहेत. त्याला कारण आहे. भाजीचा घास कडू लागला की माणूस ताट सरकवतो, म्हणजे पोटात जाते ते थोडेच. रस मात्र एका दमात गिळला जातो. पेलाभर रसात बऱ्याच दुधीचा अर्क उतरलेला असतो आणि तो रिकाम्या पोटी, सकाळी घेतला जातो. त्यात भर पडते ‘कडू तेच औषधी’ या समजुतीची. तोंडात आलेला कडवटपणा इशारा न वाटता गुणकारी असल्याची ग्वाही वाटतो, आणि माणूस डोळे मिटून पेला रिकामा करतो.

२०१० मध्ये दिल्लीत नेमके हेच घडले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेतील ५९ वर्षांच्या एका शास्त्रज्ञाने दुधी आणि कारले एकत्र करून काढलेला रस घेतला. पत्नीनेही घेतला. दोघांनाही उलट्या-जुलाब सुरू झाले. पत्नी वाचली, शास्त्रज्ञ दगावले. या घटनेत कारल्याची भूमिका पाहण्यासारखी आहे. कारले स्वतः कडू असल्याने रस कडू लागणारच, मग दुधीचा कडवटपणा वेगळा ओळखणार कसा? जिभेकडून मिळणारी सूचना कारल्याने झाकून टाकली. या प्रकरणानंतर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सांगण्यावरून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल २०१२ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. समितीचा सल्ला अगदी साधा आहे: रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा, कडू लागल्यास तो फळासकट टाकून द्यावा आणि दुधीच्या रसात दुसरा कोणताही रस मिसळू नये. आवळा, आले, पुदिना, लिंबू यांनाही ही मनाई लागू होते, कारण तीही चव झाकतात. पुण्यातही २०१८ मध्ये दुधीचा रस घेतल्यानंतर चाळिशीतल्या एका महिलेचा मृत्यू झाल्याच्या बातम्या आल्या होत्या.

शिजवल्याने धोका टळेल ही समजूतही चुकीची आहे. कुकुरबिटासिन स्वयंपाकाच्या उष्णतेने नष्ट होत नाही. २०१५ मध्ये जर्मनीतील हायडेनहाइम येथे दुधीच्याच कुळातली, घरच्या बागेत पिकलेली झुकिनी भाजून-शिजवून खाल्ल्यानंतर ७९ वर्षांच्या एका गृहस्थाचा मृत्यू झाला. पत्नीला चव कडू लागली, तिने थोडेच खाल्ले आणि ती बचावली. मीठ लावून पाणी पिळून टाकणे, लिंबू पिळणे, साल जाड काढणे किंवा बिया काढणे यांनी कडूपणा कमी जाणवेल, पण गरातले विष तसेच राहील. काकडीचे देठ कापून घासून फेस काढण्याचा घरोघरचा प्रकार दुधीला लावून सुटका होत नाही. कारल्याबाबत म्हणतात, तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच. कडू दुधीच्या हलव्याबाबत ते रसायनशास्त्राच्या हिशेबानेही खरे ठरते.

म्हणून चव पाहायची ती कच्च्या दुधीची, आणि फोडणीपूर्वी. दुधी धुऊन दोन्ही टोके कापून काढावीत. साल काढून देठाकडचा, मधला बियांजवळचा आणि फुलाकडचा असे तीन ठिकाणचे गराचे तुकडे घ्यावेत. प्रत्येक तुकडा करंगळीच्या नखाएवढा पुरतो. तीन ठिकाणे अशासाठी की कडूपणा सगळ्या फळात सारखा पसरलेला असतोच असे नाही, एका टोकाला तो जास्त असू शकतो. तुकडा दाताखाली चुरडून रस संपूर्ण जिभेवर फिरवावा आणि काही क्षण थांबावे, कारण या कडवटपणाचा ठसा जरा उशिरा उमटतो आणि नंतर बराच वेळ रेंगाळतो. मग तुकडा थुंकून टाकावा, गिळू नये, आणि चूळ भरून पुढचा घ्यावा. किंचितही कडवट लागले तर पुढे तपासत बसण्याची गरज नाही, तो दुधी पूर्ण टाकून द्यावा. ‘हा भाग गोड आहे, एवढा वापरू’ हा हिशेब येथे लागू होत नाही.

समजा, घरात पाहुणे आहेत आणि हलव्यासाठी दोन दुधी आणलेत. नेहमीची चूक अशी की दोन्ही एका परातीत किसून मग चिमूटभर कीस चाखला जातो. त्यात पहिला दुधी गोड आणि दुसरा कडू असेल तर मिश्रणात कडवटपणा पातळ होऊन नजरेआड होतो, शिवाय त्या क्षणी कडू निघाला तर दोन्हींचा कीस वाया. त्यामुळे आधी पहिल्या दुधीचे तीन तुकडे चाखून तो वेगळ्या ताटात ठेवावा, चूळ भरावी, मग दुसऱ्याचे चाखावेत. दुसरा कडू निघाला तर तो टाकून सुरी, पाट आणि किसणी धुवावी. पहिल्याचाच हलवा कमी होईल, इतकेच. एका वेलीवरची किंवा एकाच टोपलीतली फळे सारखी असतात हे गृहीत धरू नये, प्रत्येक दुधी स्वतंत्र चाखावा.

या चाचणीला मर्यादा आहेत. कडूपणा जाणवण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते. सर्दी झाली असेल, वय झाले असेल, नुकताच कडक चहा घेतला असेल किंवा तंबाखू-पान खाल्ले असेल तर जीभ बोथट असते. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या प्रौढ माणसाला चाखायला सांगावे. हे काम मुलांवर सोपवू नये. चाचणीत सुटलेला कडवटपणा कधी शिजलेल्या भाजीत जाणवतो. तेव्हाही नियम तोच: घास थुंकावा, पातेले बाजूला ठेवावे. टाकलेला दुधी गुराढोरांना घालणे टाळावे.

तरीही कडू रस किंवा भाजी पोटात गेलीच आणि मळमळ, उलटी, पोटदुखी किंवा अस्वस्थता सुरू झाली, तर लिंबूपाणी, सोडा असे उपाय करत वेळ घालवू नये. बोट घालून उलटी काढू नये, कारण जखमी अस्तराला त्याने आणखी इजा होते. पोटदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नये, तिने रक्तस्राव वाढू शकतो. थेट जवळच्या रुग्णालयात जावे. रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, काळी शी, भोवळ, थंड घाम यांपैकी काहीही दिसले तर प्रकृती गंभीर आहे असे समजावे. या विषावर उतारा नाही. डॉक्टर लक्षणांनुसार उपचार करतात: शिरेतून द्रव देऊन रक्तदाब सावरतात, जठरातले आम्ल कमी करणारी औषधे देतात आणि गरज पडल्यास रक्तघटक चढवतात. ‘दुधीचा रस घेतला होता आणि तो कडू होता’ हे डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगावे, किती वाजता आणि किती घेतला तेही. अन्यथा हे साधे जुलाब-उलट्यांचे प्रकरण वाटून रक्तदाबाकडे लक्ष जायला उशीर होतो. उरलेला रस किंवा दुधीचा तुकडा पिशवीत घालून सोबत नेता आला तर न्यावा.