आर-१० चा यू किती?

गच्चीवर घालायच्या दोन इंची एक्सपीएस बोर्डावर ‘आर-१०’ छापलेलं असतं. घराच्या ऊर्जेच्या तक्त्यात मात्र रकाना असतो यू-मूल्याचा. आर म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा, यू म्हणजे आरपार जाणारी उष्णता. दोन्ही एकमेकांचे व्यस्त, म्हणून अनेकजण एकाला दहानं भागून ०.१ लिहून मोकळे होतात.

हा आकडा पाहताच जाणकाराला शंका येते. यू खरोखर ०.१ हवा असेल, तर स्लॅबवर एक्सपीएसचा जवळजवळ फूटभर थर लागेल! गडबड एककांची आहे. बोर्डावरचा आर अमेरिकी मापात, म्हणजे फूट आणि फॅरनहाइटमध्ये असतो. आपला तक्ता मीटर आणि वॉटमध्ये. म्हणून आधी १० ला ५.६७८ नं भागायचं. उत्तर १.७६.

आता १ ÷ १.७६ केलं, तर ०.५७ येतं. पण तो यू नुसत्या बोर्डाचा. छतात बाकीचंही असतं, आणि अडथळे थराथरानं बेरजेत जातात. १५० मिलिमीटर काँक्रीटचा स्लॅब ०.०९५, खालचा गिलावा ०.०२. शिवाय छताच्या दोन्ही बाजूंना चिकटून राहणारी हवासुद्धा अडवते: उष्णता वरून खाली येत असेल तर आतली ०.१७, बाहेरची ०.०४. बोर्डासकट बेरीज सुमारे २.०९, आणि यू ०.४८. बोर्ड नसता तर हाच यू ३.०८ भरला असता. छताच्या वर-खाली २० अंशांचा फरक धरला, तर दर चौरस मीटरमधून ६२ वॉटऐवजी जेमतेम १० वॉट उष्णता खाली उतरते. निवासी इमारतींसाठीच्या ‘इको निवास संहिता २०१८’ नुसार छताचा यू १.२ च्या वर जाता कामा नये. हे छत त्यात आरामात बसतं.

खरी फसगत पुढे होते. समजा, पाण्याच्या टाकीखाली आणि जिन्याच्या बाजूला मिळून दहा टक्के गच्ची बोर्डाविना राहिली. इथे आरची सरासरी काढली तर यू ०.५२ दिसतो आणि सगळं ठीक वाटतं. पण उष्णता प्रत्येक भागातून स्वतंत्रपणे, एकाच वेळी उतरत असते. तेव्हा क्षेत्रफळानुसार सरासरी काढायची ती यूची: ०.९ × ०.४८ अधिक ०.१ × ३.०८, म्हणजे ०.७४. यातला ०.३१ एकट्या त्या दहा टक्क्यांचा! संहितेची मर्यादा अजूनही पाळली जाते, पण तक्त्यात ०.५२ गेला तर वातानुकूलनाचा भार ठरवताना छतातून येणारी उष्णता जवळपास तीस टक्क्यांनी कमी धरली जाते.