डोके न दुखताही येणारी अर्धशिशी

अर्धशिशी म्हटली की कपाळाची एक बाजू ठणकणे, उलट्या आणि अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडून राहणे आठवते. याच आजाराचा एक प्रकार मुख्यतः शरीराच्या तोलावर घाला घालतो. त्याला व्हेस्टिब्युलर मायग्रेन म्हणतात. यात घर गरगर फिरू लागते, पायाखालची जमीन होडीसारखी हलते, मान जराशी वळवली तरी मळमळते. डोकेदुखी कधी त्याच वेळी असते, कधी दुसऱ्या दिवशी उगवते आणि कधी येतच नाही. डोके दुखत नसताना अर्धशिशीचा संशय कोणाला येणार? म्हणून निदान बरेचदा वर्षानुवर्षे लांबते. माणूस चक्कर येते म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जातो, डोकेदुखीसाठी गोळी मेडिकलमधून आणतो आणि या दोन्ही गोष्टी एका दमात कोणालाच सांगत नाही.

हा आजार विरळा नाही. साधारण शंभरातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी तो होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना जास्त होतो. अर्धशिशी आणि चक्कर यांचे नाते डॉक्टरांना जुन्या काळापासून जाणवत होते, पण आजचे नाव रूढ झाले ते डीटरिख आणि ब्रांट या जर्मन मेंदूविकारतज्ज्ञांच्या 1999 मधल्या लेखापासून. निदानाचे सर्वमान्य निकष 2012 मध्ये ठरले.

आंतरकर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्याजवळच्या दोन पिशव्या डोक्याच्या हालचालीची खबर सतत मेंदूला देतात. ही खबर मस्तिष्कस्तंभातल्या तोल सांभाळणाऱ्या पेशीपुंजांकडे पोहोचते. चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूची केंद्रे त्यांच्या शेजारीच असतात आणि दोघांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. अर्धशिशी असलेल्या माणसाचा मेंदू मुळातच उजेड, आवाज, वास यांना जास्त हळवा असतो. झटक्याच्या वेळी वेदनेच्या मार्गातली खळबळ तोलाच्या मार्गात उतरते, असे आजचे स्पष्टीकरण आहे. ते अजून पूर्ण सिद्ध झालेले नाही. तरी त्यातून एक गोष्ट समजते: बहुतेक रुग्णांचा कान धडधाकट असतो, गडबड असते ती कानाकडून आलेल्या खबरीचा अर्थ लावण्यात. यांतल्या अनेकांना लहानपणापासून गाडी लागते, घाटात तर हमखास. तो याच हळवेपणाचा भाग मानला जातो.

निदानातली पहिली अडचण शब्दाची आहे. मराठीत ‘चक्कर’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या अनुभवांसाठी वापरला जातो. उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, उपाशीपोटी गळून गेल्यासारखे वाटणे, चालताना झोकांडी जाणे आणि भोवतालचे जग फिरणे, या सगळ्याला चक्करच म्हणतात. पहिल्या दोहोंचा संबंध बहुधा रक्तदाब, अशक्तपणा किंवा साखरेशी असतो. व्हेस्टिब्युलर मायग्रेनमध्ये गरगरणे, हेलकावणे किंवा डोके हलवताच तोल बिघडणे असते. मोबाइलवर सरकता मजकूर पाहताना किंवा मॉलमधल्या रांगांमधून चालताना कसेसे होणे, हेही यातच मोडते. म्हणून चांगला डॉक्टर ‘चक्कर’ हा शब्द बाजूला ठेवायला सांगतो आणि नेमके काय होते ते वर्णन करायला लावतो.

निकष असे. मध्यम ते तीव्र चक्करेचे निदान पाच झटके आलेले असावेत आणि प्रत्येक झटका पाच मिनिटे ते बहात्तर तास टिकलेला असावा. त्या व्यक्तीला आज किंवा पूर्वी कधीतरी अर्धशिशी असावी. निम्म्या किंवा त्याहून अधिक झटक्यांत अर्धशिशीची एखादी खूण सोबत असावी: ठणकणारी, बहुधा एका बाजूची, जिना चढल्यावर वाढणारी डोकेदुखी; किंवा उजेड आणि आवाज दोन्ही असह्य होणे; किंवा डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसणे. शेवटची अट म्हणजे दुसऱ्या कोणत्याही आजाराने हे चित्र अधिक चांगले उलगडत नसावे. हे निकष नीट वाचले तर दिसते की झटक्याच्या वेळी डोके दुखलेच पाहिजे असे त्यात कुठेही नाही.

या प्रकारात नेहमी दिसणारे एक उदाहरण घेऊ. एक्केचाळीस वर्षांची शिक्षिका. दीड वर्षापासून अधूनमधून अचानक वर्ग फिरू लागतो, तीन-चार तास मान हलवता येत नाही, नंतर दिवसभर थकवा. आधी तिच्या मानेचा एक्स-रे निघाला, मणक्यांची थोडी झीज दिसली आणि गळ्यात पट्टा आला. या वयात अशी झीज कित्येक निरोगी लोकांच्या एक्स-रेतही दिसते, त्यामुळे चक्करेचे खापर मानेवर फोडण्याआधी दहादा विचार करायला हवा. पुढे ‘पित्त’ झाले, मग कानाच्या गोळ्या आठ महिने चालल्या. मेंदूचा एमआरआय निर्दोष आला.

नंतरच्या डॉक्टरांनी तिला तरुणपणाबद्दल विचारले. सतराव्या वर्षापासून पाळीच्या आधी एका बाजूचे डोके ठणकायचे, उलटी झाली की बरे वाटायचे. दुसऱ्या बाळंतपणानंतर ते जवळजवळ थांबले, म्हणून तिने ते कधी सांगितलेच नव्हते. अर्धशिशी आधी आणि चक्कर बऱ्याच वर्षांनी, हा क्रम या आजारात अगदी नेहमीचा आहे. तिला दोन महिने वहीत नोंद ठेवायला सांगितले: तारीख, किती वेळ, काय करत असताना, डोके दुखले का, उजेड-आवाज सहन झाला का, झोप आणि जेवण कसे होते, पाळीचा कितवा दिवस. वहीत आठ झटके नोंदले गेले. डोके तीनच वेळा दुखले होते, पण सहा वेळा तिने खिडकीचे पडदे ओढून मुलांना गप्प बसवले होते. आठांपैकी सहा, म्हणजे निम्म्याहून अधिक. पाच झटके पाळीच्या आगेमागे किंवा जागरणानंतरचे होते. ऐकू येण्याची चाचणी उत्तम होती. कोणताही रक्ततपास किंवा स्कॅन जे दाखवू शकत नव्हता, ते या वहीने दाखवले.

या आजारासाठी स्वतंत्र चाचणी नाही. चाचण्या होतात त्या दुसरे आजार वगळण्यासाठी. सर्वांत जास्त घोळ होतो तो कानातले सूक्ष्म खडे जागेवरून हलल्याने येणाऱ्या चक्करेशी. ती कूस बदलताना किंवा वर पाहताना येते आणि मिनिटाच्या आत थांबते. डॉक्टर रुग्णाला ठरावीक पद्धतीने झटकन आडवे करून डोळ्यांची विशिष्ट थरथर पाहतात आणि बरेचदा तिथल्या तिथे डोके फिरवून खडे जागेवर नेतात. दुसरा आजार मेनिएचा. त्यात चक्कर वीस मिनिटे ते बारा तास टिकते, एका कानात दडे बसतात, घुमल्यासारखा आवाज येतो आणि हळूहळू त्या कानाने ऐकू येणे कमी होते. अर्धशिशीच्या रुग्णालाही कान भरल्यासारखा वाटू शकतो, पण श्रवण सहसा टिकून राहते. काही जणांना दोन्ही आजार असतात आणि तेव्हा अनुभवी डॉक्टरलाही काही महिने वाट पाहावी लागते.

जी चक्कर घरी थांबून पाहण्यासारखी नसते, तिची लक्षणे वेगळी आहेत. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली ताकद जाणे, एकाची दोन दिसणे, आधाराशिवाय उभे राहताच न येणे, अचानक एका कानाने ऐकू न येणे किंवा आयुष्यात कधी नव्हती इतकी भयंकर डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर तो पक्षाघात असू शकतो आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते. पन्नाशीनंतर, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असताना, चक्कर आयुष्यात पहिल्यांदाच आली तर ‘अर्धशिशी असेल’ असे गृहीत धरणे धोक्याचे.

उपचाराचे दोन भाग आहेत. झटका चालू असताना अंधारी, शांत खोली, घोट घोट पाणी आणि उलटीचे औषध एवढ्याने बरेच निभावते. चक्कर दाबणारी औषधे, म्हणजे प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन वगैरे, दोन-तीन दिवसांसाठी असतात. आपल्याकडे ती चिठ्ठी जुनी करून महिनोन्महिने घेतली जातात, आणि ही खरोखर काळजीची बाब आहे. मेंदू तोल पुन्हा जुळवून घेण्याचे जे काम करत असतो ते त्यांमुळे रेंगाळते आणि वयस्कर माणसांत हातापायांचा कंप, हालचालींचा मंदपणा असा कंपवातासारखा त्रास उद्भवतो. वेदनाशामक गोळ्याही महिन्यात दहा-पंधरा दिवस घेतल्या तर त्याच डोकेदुखी वाढवू लागतात.

झटके वारंवार येत असतील तर प्रतिबंधक औषध रोज घ्यावे लागते. प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट, व्हेन्लाफॅक्सिन, फ्लुनारिझिन ही नेहमीची नावे. यांतली बहुतेक साध्या अर्धशिशीच्या अनुभवावरून वापरली जातात. खास या आजारावरचे भक्कम प्रयोग थोडेच आहेत. त्यांतला एक वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोज दहा मिलिग्रॅम फ्लुनारिझिन बारा आठवडे दिल्यावर चक्करेचे झटके कमी झाले. डोकेदुखीत मात्र तसा फरक दिसला नाही. निवड माणूस पाहून होते. दमा असेल तर प्रोप्रानोलॉल नको, नैराश्य असेल किंवा वय बरेच असेल तर फ्लुनारिझिन नको, गर्भधारणेचा विचार असेल तर टोपिरामेट नको. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून डॉक्टर बदलणारे रुग्ण म्हणूनच पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

झटक्यांच्या मधल्या काळातही तोल डगमगत असेल तर फिजिओथेरपिस्ट तोलाचे व्यायाम शिकवतात: समोरच्या अक्षरावर नजर रोखून मान डावी-उजवीकडे हलवणे, अरुंद पट्ट्यावर चालणे. सुरुवातीला त्यांनी थोडे गरगरते आणि ते अपेक्षितच असते. भर झटक्यात मात्र ते करायचे नसतात.

त्या शिक्षिकेला लहानपणी दमा होता, म्हणून प्रोप्रानोलॉल बाद झाले. रात्री पाच मिलिग्रॅम फ्लुनारिझिन सुरू झाले, वजन नोंदवून ठेवले गेले आणि मनःस्थिती उदास होते का यावर लक्ष ठेवायला घरच्यांना सांगितले. मानेचा पट्टा काढला. झोपण्याची वेळ ठरवली, सोमवार-गुरुवारचे उपास दुपारपर्यंत कोरडे न ठेवता सकाळी दूध-फळे घेऊन करायचे ठरले. पहिल्या महिन्यात वहीत चार झटके होते, तिसऱ्यात एक. वजन दोन किलो वाढले. चौथ्या महिन्याअखेर औषध बंद केले. पुढच्या सहा महिन्यांत दोन झटके आले, दोन्ही पाळीच्या आदल्या दिवशी. वही तिने चालू ठेवली आहे; महिन्यात तीनपेक्षा जास्त झटके नोंदले गेले तर औषध पुन्हा सुरू करायचे, असे डॉक्टरांशी ठरले आहे.